दर गुरुवारी दीड तास : सभागृहाच्या मालकाला लिहायचे पत्र

हरिपाठाला जागा मागायला कोणी गेले आणि सभागृहाच्या मालकाने "बघू, कळवतो" असे म्हटले, की मंडळी समजतात त्याला भाडे जास्त हवे असेल किंवा देवाधर्माची आवड नसेल. बहुतेक वेळा दोन्ही अंदाज चुकतात. त्याच्या मनात एक वेगळीच मालिका सुरू झालेली असते. आज दर गुरुवारी दीड तास. तीन महिन्यांनी कोपऱ्यात सतरंज्यांची चवड. सहा महिन्यांनी पेटी आणि पखवाज ठेवायला कपाटाचा एक कप्पा. वर्षाने भिंतीवर विठ्ठल-रखुमाईची तसबीर आणि तिच्यासमोर लाल दिवा. पुढे कधी सभागृह विकायचे किंवा पाडून बांधायचे ठरले, तर ती तसबीर उतरवायची कोणी? तो प्रसंग आपल्यावर यावा असे कुठल्याच मालकाला वाटत नाही, श्रद्धाळू मालकाला तर मुळीच नाही.

या भीतीला महाराष्ट्रात कायद्याचा इतिहासही आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात १९७३ साली १५-अ हे कलम घातले गेले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक चालू करारानुसार परवानगीदार, म्हणजे लीव्ह अँड लायसन्सवाले, म्हणून एखाद्या खोलीत किंवा जागेत राहत होते, त्यांना या कलमाने भाडेकरू मानले आणि त्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. अकरा महिन्यांसाठी दिलेली जागा मालकाला पुढे कित्येक वर्षे परत मिळाली नाही, अशा गोष्टी पुण्या-मुंबईच्या जुन्या घरांत आजही सांगितल्या जातात. आज सत्तरीत असलेल्या मालकाने त्या काळी वडिलांना कोर्टाच्या पायऱ्या चढताना पाहिलेले असू शकते. आठवड्याला दीड तासाच्या हरिपाठाला ते कलम लागू होत नाही. पण "नियमित" हा शब्द कानावर पडला की त्याला धडकी भरते, आणि आपल्या पत्रात तोच शब्द पहिल्या ओळीत असतो.

म्हणून हे पत्र मंडळाची ओळख करून देण्यासाठी नसते. ते मालकाच्या मनातल्या त्या मालिकेला ठिकठिकाणी तोडण्यासाठी असते. आपण किती वर्षे वारी करतो आणि नामस्मरणाने मनाला किती शांती मिळते, हे सगळे खरे असले तरी त्याच्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात मिळत नाही. माझ्या पाहण्यातली अशी बहुतेक पत्रे पहिले पान भक्तीला देतात आणि देखभालीला शेवटची एक ओळ : "जागेची योग्य ती काळजी घेतली जाईल." या वाक्यावर कोणाचाच विश्वास बसत नाही, कारण कुठलाही मांडववाला ते म्हणू शकतो.

एक उदाहरण समोर ठेवू. पुण्याच्या एखाद्या पेठेतले पहिल्या मजल्यावरचे छोटे सभागृह घ्या. साठ-सत्तर माणसे बसतील एवढे. फरशी शहाबादी, व्यासपीठाजवळचा थोडा भाग संगमरवरी. बारशी, साखरपुडे, डोहाळजेवणे, साठीशांती आणि दिवाळीच्या आधी साड्यांची प्रदर्शने, यांवर त्याचे उत्पन्न चालते. मालक खालच्याच मजल्यावर राहतात. झाडलोट करायला एक मावशी येतात. जागा मागणारे मंडळ पंधरा-वीस जणांचे आहे, बहुतेक निवृत्त. आतापर्यंत ते एका सभासदाच्या घरी जमत होते. आता त्या घरात बाळ आले आहे आणि टाळांच्या आवाजाने ते दचकते, म्हणून नवी जागा हवी.

आधी दिवस आणि वेळ ठरवताना मालकाचे नुकसान कुठे होते ते पाहायला हवे. शनिवार-रविवार त्याच्या कमाईचे, ते मागूच नयेत. आठवड्यातल्या इतर दिवशी त्याचे सभागृह रिकामे असते खरे, पण मुहूर्त कुठल्याही वारी येतो. चातुर्मासात, म्हणजे आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, लग्नाचे मुहूर्त परंपरेने नसतात. काढीव मुहूर्तांवर आता काही लग्ने होतात, तरी ताण कमीच. तुळशीचे लग्न लागले की गर्दी सुरू होते. मंडळाने पंचांग उघडून पुढच्या सहा महिन्यांतले कोणते गुरुवार मुहूर्ताचे आहेत ते स्वतःच काढावे आणि त्या तारखा पत्राला जोडून "हे गुरुवार आम्ही आधीच सोडले आहेत" असे लिहावे. मालकाला एवढे दिसले की समोरच्याने आपल्या धंद्याचा विचार केला आहे हे त्याला सांगावे लागत नाही.

वेळ मागताना हमखास एक चूक होते. हरिपाठ, दोन अभंग, आरती आणि पसायदान मिळून तासाभरात होते, म्हणून तासच मागितला जातो. मग सतरंज्या अंथरणे आणि आवरणे त्या तासाबाहेर सांडते, आणि पंधरा मिनिटे दरवेळी "जरा उशीर झाला" या नावाने मालकाच्या डोक्यावर बसतात. आवरण्यासकट दीड तास मागावा आणि त्याचेच पैसे द्यावेत.

आता पत्र. ते साधारण असे व्हावे :

प्रति,
माननीय सभागृह मालक यांस,

विषय : तीन महिन्यांसाठी दर गुरुवारी सायंकाळी हरिपाठाकरिता सभागृह वापरू देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

आम्ही शेजारच्या दोन सोसायट्यांतील पंधरा-वीस जण दर गुरुवारी एकत्र हरिपाठ म्हणतो. त्यासाठी आपले सभागृह गुरुवारी सायंकाळी साडेपाच ते सात या वेळेत मिळावे, अशी विनंती आहे. पावणेसहा ते पावणेसात हरिपाठ होईल. आधीची आणि नंतरची पंधरा-पंधरा मिनिटे मांडणे आणि आवरणे यांसाठी आहेत. सात वाजता किल्ली आपल्या हातात येईल.

ही विनंती तीन महिन्यांपुरतीच आहे. पुढे चालू ठेवायचे की नाही, हे आपण तेव्हा ठरवावे. मधल्या काळातही आपण आठ दिवस आधी सांगितल्यास आम्ही कारण न विचारता थांबू. एखाद्या गुरुवारी आपल्याला दुसरे काम मिळाल्यास दोन दिवस आधी फोन करावा, त्या दिवशी आम्ही येणार नाही. मुहूर्ताचे गुरुवार आम्ही आधीच वगळले आहेत, यादी सोबत आहे.

एका वेळी पंचवीसपेक्षा जास्त माणसे असणार नाहीत. माइक आणि ध्वनिवर्धक वापरणार नाही. पेटी, एक पखवाज आणि टाळांच्या चार जोड्या एवढेच वाद्य असेल, आणि खिडक्या रस्त्याच्या बाजूने बंद ठेवू.

देवाची तसबीर आम्ही घरून आणू आणि त्याच दिवशी परत नेऊ. सतरंज्या आणि वाद्येही तशीच. सभागृहात आमची कोणतीही वस्तू रात्रभर राहणार नाही. भिंतीला खिळा, हुक किंवा चिकटपट्टी लावणार नाही. मंडळाचा फलक लावणार नाही आणि आपला पत्ता मंडळाचा पत्ता म्हणून कोठेही देणार नाही.

तेलाचा दिवा आणि कापूर लावणार नाही. तुपाचे एक निरांजन परातीत ठेवू. बुक्का फक्त कपाळाला लावू, उधळणार नाही. प्रसाद कोरडा असेल. झाडून, पुसून, कचरा आमच्याबरोबर घेऊन जाऊ. आपल्या मावशींना शुक्रवारी आमच्यामुळे जादा काम पडणार नाही.

दर गुरुवारचे ३०० रुपये महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आगाऊ देऊ. ३,००० रुपये अनामत ठेवू. काही मोडल्यास किंवा डाग पडल्यास आपण सांगाल त्या कारागिराकडून आठ दिवसांत दुरुस्त करून देऊ, किंवा तेवढी रक्कम अनामतीतून वळती करावी.

खाली सही करणारे आम्ही दोघे जबाबदार आहोत. तक्रार आम्हालाच सांगावी.

आपले,
(दोघांची नावे, सह्या, फोन)

या पत्रातला "किल्ली आपल्या हातात येईल" हा भाग सगळ्यात वजनदार आहे. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणे लायसन्स म्हणजे निव्वळ परवानगी. परवानगी मिळालेल्याला जागेत कसलाही हक्क निर्माण होत नाही. मात्र वाद झाला की कागदावर काय लिहिले आहे याबरोबरच ताबा कोणाकडे होता हेही पाहिले जाते. किल्ली कोणाकडे असते, सामान कोणाचे पडलेले असते, दारावर पाटी कोणाची आहे, पत्रव्यवहार कोणत्या पत्त्यावर येतो, या खुणा ताब्याकडे बोट दाखवतात. म्हणून मालकाने आपलेपणाने "एक किल्ली राहू द्या तुमच्याकडे" असे म्हटले तरी घेऊ नये. त्याच्या मुलाला किंवा सुनेला पुढे ती किल्ली खुपते आणि बोलणी मंडळाला नव्हे, त्या वृद्ध मालकाला ऐकावी लागतात.

पत्त्याची गोष्ट अशीच. मंडळ वाढले की कोणीतरी नोंदणीची टूम काढतो. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदवायचे तर पत्ता लागतो, आणि फॉर्मवर सहज सभागृहाचा पत्ता पडतो. त्याच्या आधीच कोणी उत्साही सभासद मोबाइलच्या नकाशावर त्या इमारतीला मंडळाचे नाव देऊन मोकळा झालेला असतो. मालकाला हे बाहेरच्या माणसाकडून कळते. निमंत्रणाच्या संदेशातही "आपल्या सभागृहात" असे लिहू नये. सभागृहाचे नाव लिहावे आणि पुढे "मालकांच्या परवानगीने" एवढे दोन शब्द जोडावेत.

देखभालीची आश्वासने इतकी बारीक का, ते फरशीकडे पाहिले की कळते. शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर हे सगळे दगड कमी-अधिक चुनखडीचे. तेल त्यांच्यात मुरते आणि गडद ठिपका ठेवते. समईचे तेल वाकताना सांडते, जमिनीवर दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी डाग उठतो. असा डाग पडलाच तर तो घासून जात नाही. बेसन किंवा टाल्कम पावडर पाण्यात कालवून जाडसर थर द्यायचा, वर प्लॅस्टिक घालून रात्रभर ठेवायचे आणि सुकल्यावर खरवडून काढायचे. पावडर तेल ओढून घेते, पण एकदा करून भागत नाही. दोन-तीनदा करावे लागते. लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करण्याचे आम्ल यांना तर हातही लावू नये. चुनखडीचा दगड आम्लाने खाल्ला जातो, तकाकी जाते, आणि तो पांढुरका चट्टा पॉलिशवाल्याला बोलावल्याशिवाय निघत नाही. तेलाच्या डागापेक्षा हे नुकसान मोठे.

हळदीचे वेगळेच. साबणाने किंवा सोड्याने पुसली की ती लाल होते, कारण अल्कलीने हळदीचा रंग बदलतो. घाबरून माणूस आणखी साबण ओततो आणि संगमरवरावर लालसर ढग पसरतो. सांडलेली हळद किंवा कुंकू आधी कोरड्या कागदाने उचलावे, मग साध्या पाण्याने टिपावे. उरलेला पिवळेपणा उन्हात फिका पडतो. बुक्क्यालाही आधी कोरडी केरसुणीच हवी. ओले फडके फिरवले की काळी पूड दगडाच्या खरबरीत अंगात भरते. मंडळातल्या कोणा एकाला हे नीट दाखवून ठेवावे आणि दर गुरुवारी आवरायचे काम त्याच्याकडे द्यावे. "सगळे मिळून आवरू" असे ठरले, की सगळे चपला शोधत असतात.

कापूर टाळण्याचे कारण काजळी. कापूर जळताना दाट काळा धूर होतो आणि आरतीच्या वेळी तो छतापर्यंत जातो. एका आरतीने काही दिसत नाही. तीन महिन्यांनी व्यासपीठावरच्या छताला राखाडी वर्तुळ दिसू लागते आणि रंगाचा खर्च मालकाला येतो. छतावर धूर ओळखणारे यंत्र असेल तर घंटाच वाजायची. कापुराशिवाय आरती नको वाटणाऱ्यांनी ती घरी करून निघावे, किंवा मालकाला विचारून खाली अंगणात करावी. प्रसादाला शिरा नको, तुपाचे बोट पायाखाली जाते. खडीसाखर आणि फुटाणे चालतात. सांडलेली खडीसाखर मात्र त्याच संध्याकाळी टिपायला हवी, नाहीतर शुक्रवारी सकाळी मावशींना मुंग्यांची रांग दिसते. एक सांगतो, पत्र देताना मावशींनाही त्यातला झाडलोटीचा भाग वाचून दाखवावा. मालकाला सभागृहाची खबर देणाऱ्या पहिल्या त्याच असतात.

विजेचा विषय मालक स्वतः काढत नाही, पण त्याच्या मनात असतो. आकडा आपणच सांगून टाकावा. पंचाहत्तर वॅटचे चार जुने पंखे दीड तास चालले तर ४५० वॅट-तास होतात. वीस वॅटच्या सहा एलईडी नळ्यांचे १८० धरा. एकूण ६३०, म्हणजे पाऊण युनिटाच्याही आत. महिन्याला तीन युनिटांच्या आसपास. वातानुकूलन लावले तर मात्र हा हिशेब पार बदलतो, तेव्हा ते लावणार नाही असे सांगावे किंवा त्याचे पैसे वेगळे द्यावेत.

आवाजाबाबत केंद्र सरकारचे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा. संध्याकाळी सातला संपणाऱ्या, माइकशिवायच्या हरिपाठाला नियमाची अडचण सहसा येत नाही. अडचण येते ती शेजाऱ्यांची. टाळांचा धारदार नाद उघड्या खिडकीतून सरळ समोरच्या घरात जातो. म्हणून पत्रात टाळांच्या जोड्या मोजून लिहिल्या आहेत. पहिल्या गुरुवारी एकाने बाहेर रस्त्यावर उभे राहून ऐकावे आणि कोणती खिडकी बंद करायची ते ठरवावे.

पत्र टपालाने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये. सही करणाऱ्या दोघांनीच जावे, आठ जणांनी गेले तर मालकाला दबाव वाटतो. दोन प्रती न्याव्यात. त्यांना चार दिवस विचार करू द्यावा, आणि होकार आला तर आपल्या प्रतीवर "तीन महिन्यांसाठी मान्य" अशी ओळ, तारीख आणि सही घ्यावी. मालक म्हणतील, "पैसे कसले घेता, देवाचे काम आहे." तरीही थोडी रक्कम द्यावी आणि पावती मागावी. फुकट मिळालेल्या जागेत नाही म्हणण्याची सोय मालकाला उरत नाही, आणि मग तो सांगण्याऐवजी टाळू लागतो. सभागृह गृहनिर्माण संस्थेचे असेल तर सचिवांच्या तोंडी होकारावर थांबू नये. पत्र व्यवस्थापक समितीच्या सभेत ठेवून ठराव करून घ्यावा. पुढच्या निवडणुकीत समिती बदलली की तोंडी होकार संपतो.

बिघडायला सुरुवात होते ती संख्येने. जागा चांगली मिळाली की बहिणी, व्याही, पाहुणे येऊ लागतात. पंचविसाचे पस्तीस होतात, चपला जिन्यावर उतरतात, दुचाकी मालकाच्या फाटकासमोर लागतात. मालक थेट बोलत नाही. "हल्ली किती जण येता हो?" असे सहज विचारतो, किंवा सातच्या आधीच जिन्यातला दिवा मालवला जातो. हे कळले त्याच गुरुवारी संख्या आटोक्यात आणावी. आषाढी एकादशीला किंवा गोकुळाष्टमीला मोठा कार्यक्रम करावासा वाटला, तर तो या परवानगीत बसवू नये. त्या दिवसाचे सभागृह इतर कोणाही गिऱ्हाइकासारखे वेगळे, पूर्ण भाड्याने घ्यावे.

तीन महिने संपायच्या दोन आठवडे आधी दुसरे पत्र द्यावे, अर्ध्या पानाचे. किती गुरुवार जमलो, किती गुरुवार मालकांच्या कामासाठी सोडले, कुठे काय मोडले आणि ते कोणत्या तारखेला दुरुस्त केले, एवढेच त्यात लिहावे. त्याखाली आणखी सहा महिन्यांची विनंती आणि त्या सहा महिन्यांतल्या मुहूर्ताच्या गुरुवारांची नवी यादी.